भांडण मिटलं, पण कसं?

एचआरच्या जागेसाठी अर्ज भरताना एक प्रश्न हटकून समोर येतो. कधी ऑनलाइन फॉर्ममध्ये अडीचशे शब्दांची चौकट असते, कधी मुलाखतीत तोंडी विचारतात: कामाच्या ठिकाणचा एखादा वाद तुम्ही सोडवला असेल, तर तो सांगा. प्रश्न साधा दिसतो, आणि बहुतेक उमेदवार त्याचं उत्तरही साधंच देतात. दोघांना समोरासमोर बसवलं, दोघांचं ऐकून घेतलं, गैरसमज दूर झाले, दोघं पुन्हा मिळून मिसळून काम करू लागले. टेबलापलीकडे बसलेल्या माणसानं असली उत्तरं इतकी वाचलेली असतात की पहिल्या ओळीवरून त्याला शेवटची ओळ कळते.

हा प्रश्न आला कुठून, ते थोडक्यात सांगतो. जॉन फ्लॅनगन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या निवडीचं काम केलं होतं. वैमानिकात कोणते गुण हवेत असं विचारलं की सगळे धैर्य, चपळाई, एकाग्रता अशी विशेषणं सांगत. त्यातून हाती काहीच लागत नसे. मग एखाद्या ठरावीक प्रसंगात माणसानं नेमकं काय केलं, हे विचारायची पद्धत पडली. १९५४ साली फ्लॅनगननं ती शोधनिबंधात मांडली. पुढे नोकरीच्या मुलाखतींतही हीच रीत आली. ‘मला माणसं चांगली सांभाळता येतात’ हे कुणीही म्हणेल. अमुक दिवशी अमुक वाजता दोन माणसं एकमेकांच्या अंगावर धावून गेली तेव्हा तुम्ही काय केलंत, हे मात्र घडलं असेल तरच नीट सांगता येतं.

आता एक नमुना घेऊ. अशा कारखान्यांत घडणाऱ्या अनेक प्रसंगांवरून तो जुळवला आहे, त्यामुळे त्यात कुणा एका कंपनीची ओळख शोधू नये. चाकणजवळ गाड्यांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना आहे. तिथल्या प्रेस शॉपमध्ये पत्र्यापासून भाग ठोकून काढतात. एचआरमध्ये चार वर्षं काम केलेली एक मुलगी आता दुसरीकडे असिस्टंट मॅनेजरच्या जागेसाठी अर्ज करते आहे. असे अर्ज बहुधा इंग्रजीतच भरावे लागतात, पण इथे मराठीतच वाचू. तिचा पहिला मसुदा असा होता:

‘प्रॉडक्शनमधल्या दोन सुपरवायझरमध्ये गंभीर वाद झाला होता. त्याचा परिणाम टीमवर होत होता. मी दोघांची बैठक घेतली, त्यांचं म्हणणं शांतपणे ऐकलं आणि सुसंवादाचं महत्त्व पटवून दिलं. गैरसमज दूर झाले आणि उत्पादनही वाढलं.’

यात खोटं काही नाही. पण वाद कशावरून होता ते यात कुठेच नाही. तो काढून टाका आणि बँकेतल्या दोन कॅशियरचा वाद घाला, मजकूर तसाच्या तसा चालेल. शिवाय ‘गैरसमज’ हा शब्द आला की अनुभवी माणूस सावध होतो. कारखान्यातले फार थोडे वाद गैरसमजातून होतात. बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना एकमेकांचं म्हणणं व्यवस्थित कळलेलं असतं, आणि भांडण त्यावरूनच असतं.

प्रत्यक्षात काय झालं होतं? पहिली पाळी सकाळी सात ते दुपारी साडेतीन, दुसरी साडेतीन ते रात्री बारा. कंपनीची बस ३:४० ला सुटते. एका भागाची ठरलेली बॅच संपली की प्रेसमधली डाय उतरवून दुसरी चढवायची असते. या कामाला साधारण पन्नास मिनिटं लागतात, आणि त्या वेळात प्रेसमधून एकही नग बाहेर पडत नाही. दुसऱ्या पाळीच्या तरुण सुपरवायझरची तक्रार होती की आपली माणसं येतात तेव्हा डाय अर्धवट उतरवलेली असते. पहिला तास तिच्यातच जातो, आणि संध्याकाळी आकडा कमी भरला की बोलणी आपल्याला खावी लागतात. पहिल्या पाळीचे सुपरवायझर पन्नाशी ओलांडलेले, कारखाना सुरू झाला तेव्हापासूनचे. त्यांचं म्हणणं एवढंच की बॅच कधी संपेल हे काही आपल्या हातात नाही. एका दुपारी दोन्ही पाळ्यांच्या वीसेक माणसांदेखत तरुण सुपरवायझर म्हणाला, “बसची एवढी घाई असेल तर आता घरीच बसा ना, वय झालंय तुमचं.” थोरल्यांनी हातातला पाना जमिनीवर आपटला. दुसऱ्या दिवशी दोघांच्याही लेखी तक्रारी एचआरच्या टेबलावर आल्या, आणि प्लांट हेडचा निरोपही आला: दोघांनाही वॉर्निंग लेटर द्या आणि विषय संपवा.

पुढे तिनं काय केलं, तेच खरं उत्तर होतं. पहिल्या मसुद्यात नेमकं तेवढंच गाळलेलं होतं.

पत्र तिनं लगेच दिलं नाही. आधी लेखी खुलासा मागवावा लागतो आणि त्यासाठी मुदत द्यावी लागते, हे प्लांट हेडना सांगून तिनं चार दिवस मिळवले. बैठकही घेतली नाही. भरल्या शॉप फ्लोअरवर ज्याचा अपमान झाला आहे, त्याला दुसऱ्या दिवशी अपमान करणाऱ्यासमोर बसवलं तर तो एक तर गप्प राहतो, नाहीतर पुन्हा भडकतो. ती दोघांना वेगवेगळी भेटली, आणि आधी थोरल्यांना, तेही त्यांच्या जागेवर जाऊन. एचआरच्या केबिनमध्ये बोलावलं की माणूस आरोपी होऊन येतो. मग तीन दिवस ती दुपारी अडीच ते चार प्रेस शॉपमध्ये उभी राहिली आणि दर तासाच्या उत्पादनाचा तक्ता मागवून घेतला.

प्रेसला स्ट्रोक काउंटर असतो. प्रेसनं किती ठोके मारले ते तो मोजतो, त्यामुळे त्यावरून निघालेल्या तक्त्याशी वाद घालता येत नाही. पहिल्या पाळीत तासाला सव्वाचारशेच्या आसपास नग निघत होते, आणि शेवटच्या तासात तीनशे. पण एवढी घट रोज नव्हती. ज्या दिवशी बॅच दुपारी संपायच्या बेतात असे, त्याच दिवशी ती दिसे. बॅच लांबवली जात होती. संपलीच तर डाय अर्धी खोलून ठेवली जात होती. आणि दुसरी पाळी? तिच्या तक्त्यातही रात्री अकरानंतर तसाच उतार होता. फक्त रात्री बारानंतर तिसरी पाळी नसल्यामुळे तक्रार करायला कुणी नव्हतं. ती अर्धवट डाय सकाळी थोरल्यांची माणसं मुकाट्यानं पुरी करत.

कारण इन्सेंटिव्हमध्ये होतं. पाळीत निघालेल्या नगांवर इन्सेंटिव्ह मिळत असे. डाय बदलण्यात गेलेल्या पन्नास मिनिटांचे नग शून्य, म्हणजे जी पाळी डाय बदलेल तिचं नुकसान ठरलेलं. दोन्ही सुपरवायझर आपापल्या माणसांचे पैसे वाचवत होते, आणि कंपनीच्याच हिशेबानं त्यांना तसं करायला लावलं होतं. त्यांना सुसंवादाचं महत्त्व कितीही पटवलं असतं तरी पुढच्या आठवड्यात डाय पुन्हा अर्धवटच सापडली असती.

इथे मेरी पार्कर फॉलेट या बाईंची आठवण होते. व्यवस्थापनावर लिहिणाऱ्या या अमेरिकन विदुषीनं १९२५ साली संघर्षावर एक व्याख्यान दिलं होतं. वाद तीन तऱ्हांनी मिटतो, असं त्यांनी मांडलं. एक बाजू दुसरीला दाबते, किंवा दोघंही थोडंथोडं सोडतात, किंवा दोघांनाही आपलं पूर्ण मिळेल असा तिसरा मार्ग निघतो. त्यांचं उदाहरण हार्वर्डच्या ग्रंथालयातलं आहे. एका छोट्या खोलीत कुणाला खिडकी उघडी हवी होती, फॉलेटबाईंना बंद. शेवटी शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली. त्याला हवा मिळाली आणि बाईंच्या अंगावर थेट येणारा उत्तरेचा वारा टळला. ही गोष्ट एचआरच्या वर्गात सगळ्यांना शिकवतात. पण परीक्षेत लिहिणं वेगळं आणि शेजारची खोली खरोखर शोधून काढणं वेगळं. त्यासाठी माणूस खिडकीबद्दल जे बोलतोय त्यामागे त्याला खरं काय हवंय, ते शोधावं लागतं. प्रेस शॉपमध्ये ते स्ट्रोक काउंटरमध्ये सापडलं.

मग उपाय. पहिल्यांदा सुचतो तो सोपा असतो: बस पंधरा मिनिटं उशिरा सोडा, म्हणजे पहिली पाळी डाय पुरी करूनच जाईल. मुलीनं हिशेब केला. साडेआठ तासांतून जेवणाचा अर्धा तास वजा जाता रोजचे आठ तास, सहा दिवसांचे अठ्ठेचाळीस. आठवड्याची कायदेशीर मर्यादा तेवढीच. रोज पंधरा मिनिटं वाढवली तर आठवड्याला दीड तास ओव्हरटाइम होतो, आणि तो दुप्पट दरानं द्यावा लागतो. न देता माणसं थांबवून ठेवली तर एक भांडण मिटवताना दुसरं उभं राहणार. दुसरा उपाय थोरल्यांनीच सुचवला होता, पहिल्या भेटीत, जाता जाता: “एक सेटर दुपारच्या मधल्या वेळी असता तर ही वेळच आली नसती.” डाय सेटरांपैकी एकाची वेळ सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा करायची, म्हणजे पाळी बदलताना तो दोन्हीकडे हजर असेल. पण कामाच्या वेळा बदलायच्या तर कामगारांना एकवीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यातही ही तरतूद होती आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. तिनं कमिटीशी बोलून स्वखुशीनं तयार असलेला सेटर शोधला आणि नोटीसही रीतसर लावली. डाय बदलण्याचा वेळ इन्सेंटिव्हच्या हिशेबातून वगळायचा प्रस्ताव तिनं फक्त मांडला. तो मंजूर करणं तिच्या हातात नव्हतं. ते प्लांट हेड आणि अकाउंट्सचं काम होतं.

राहिला अपमान. व्यवस्था सुधारली म्हणून तो भरून निघत नाही, आणि उमेदवारांच्या उत्तरांत हाच भाग सगळ्यात जास्त सुटतो. थोरल्यांना लेखी माफी हवी होती, तीही नोटीस बोर्डावर. तिनं नाही म्हटलं. लेखी माफी पर्सनल फाइलला लागते आणि बढतीच्या वेळी पाच वर्षांनी पुन्हा बाहेर येते, आणि एका वाक्याची एवढी किंमत तिला जास्त वाटली. पण चारचौघांत झालेल्या अपमानाची माफी बंद दाराआड मागून पुरत नाही, हेही तिला कळत होतं. तरुण सुपरवायझरशी ती दोनदा बोलली. पहिल्यांदा तो अडून बसला. तासाचा तक्ता दाखवला आणि त्याच्याच पाळीचा रात्रीचा उतार समोर ठेवला, तेव्हा तो उतरला. नवी व्यवस्था सुरू झाली त्या दिवशी, पाळीच्या तोंडाशी होणाऱ्या पाच मिनिटांच्या उभ्या मीटिंगमध्ये, त्यानं दोन्ही पाळ्यांसमोर सांगितलं की ही कल्पना थोरल्या साहेबांची आहे आणि आपण त्या दिवशी नको ते बोललो. एवढंच. कागद नाही.

आता अर्जातलं तेच उत्तर पुन्हा लिहिलेलं पाहा:

‘प्रेस शॉपमध्ये पाळी बदलताना डाय अर्धवट सोडली जात असे. त्यावरून दोन सुपरवायझरचं कामगारांसमोर जोराचं भांडण झालं. दोघांना वॉर्निंग लेटर देण्याची सूचना होती. मी खुलाशासाठी चार दिवस मागितले, दोघांना वेगवेगळी भेटले आणि तासागणिक उत्पादन तपासलं. डाय बदलणाऱ्या पाळीचा इन्सेंटिव्ह बुडत असल्यानं दोन्ही पाळ्या ते काम टाळत होत्या. बस उशिरा सोडण्याचा पर्याय ओव्हरटाइममुळे सोडला. ज्येष्ठ सुपरवायझरनी सुचवल्याप्रमाणे, कमिटीशी बोलून आणि नोटीस देऊन, एका सेटरची वेळ बदलली. इन्सेंटिव्हचा हिशेब बदलण्याचा प्रस्ताव मी दिला, प्लांट हेडनी मंजूर केला. लेखी माफीची मागणी मी मान्य केली नाही. तोंडी, पण त्याच माणसांसमोर दिलगिरी व्यक्त झाली. आधीच्या महिन्यात दुसऱ्या पाळीला अकरा वेळा अर्धवट डाय मिळाली होती. दोन महिन्यांनंतर तो आकडा तीनवर आला, आणि त्या तिन्ही दिवशी सेटर रजेवर होता. दोघांचे संबंध कामापुरते आहेत.’

शेवटचं वाक्य काढावंसं तिला वाटत होतं. मी असतो तर ठेवायलाच सांगितलं असतं. ‘कामापुरते’ या एका शब्दानं वरच्या सगळ्यावर विश्वास बसतो. सेटर रजेवर असल्याची नोंदही तशीच बोलकी आहे. उपाय कुठे तोकडा पडतो हे तिनं पाहिलंय, ते त्यावरून कळतं. आणि ‘मी’ कुठे येतं आणि कुठे येत नाही, तेही वाचणारा बारकाईनं बघतो. कल्पना ज्येष्ठांची, मंजुरी प्लांट हेडची, नकार आणि धावपळ तिची. आठ माणसांनी केलेलं काम एकटीच्या नावावर लावणारी उमेदवार उद्या आमच्या कारखान्यात कुणाचं श्रेय घेईल, हा विचार मुलाखत घेणाऱ्याच्या मनात येतोच.

उत्तरासाठी स्टार नावाचा एक साचा सगळीकडे शिकवतात: परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम. साचा वाईट नाही, पण त्याचे चार भाग सारखे लांबीचे करायची सवय वाईट. परिस्थितीला दोन-तीन वाक्यं पुष्कळ झाली. लोक अर्धी चौकट कंपनीची उलाढाल आणि आपलं पद सांगण्यात घालवतात, आणि निर्णयाच्या जागी ‘समुपदेशन केलं’ एवढंच उरतं.

प्रसंग निवडतानाच काही गोष्टी बाजूला ठेवाव्या लागतात. लैंगिक छळाची तक्रार ही ‘सोडवलेला वाद’ म्हणून कधीही सांगू नये. २०१३ च्या कायद्यानं तक्रारीचा मजकूर, संबंधितांची ओळख आणि चौकशीतले तपशील उघड करायला मनाई केली आहे. त्या कायद्यात समेटाची वाट आहे, पण फक्त तक्रारदार स्त्रीनं स्वतः मागितली तर, चौकशी सुरू होण्याआधी, आणि पैशाच्या आधारावर मुळीच नाही. ‘मी दोघांना समजावून प्रकरण आपसात मिटवलं’ असं कुणी अभिमानानं लिहिलं, तर अर्ज तिथेच बाजूला पडतो, आणि पडायलाच हवा. आपला स्वतःचा साहेबाशी झालेला वादही टाळलेला बरा. त्यात आपणच एक बाजू असतो, तिऱ्हाईताची परीक्षा होत नाही. आणि ज्या वादात शेवटी एकानं राजीनामा दिला, तो सुटला असं म्हणता येत नाही.

नावंही लिहू नयेत. पद पुरतं. चाकण–भोसरी पट्ट्यात सगळे सगळ्यांना ओळखतात, आणि जुन्या कारखान्यातल्या माणसांच्या गोष्टी अर्जात नावानिशी लिहिणारी व्यक्ती आपल्याकडच्याही उद्या दुसरीकडे नेईल, हे लगेच लक्षात येतं.

अर्ज चाळणीतून पार पडला की मुलाखतीत हाच प्रसंग उलटसुलट करून विचारतात. प्लांट हेडना नाही कसं म्हणालात? इथे ‘मी ठामपणे विरोध केला’ हे उत्तर फसतं. तिनं विरोध केलाच नव्हता. प्रक्रिया दाखवून वेळ मिळवला होता, आणि कारण सापडलं नसतं तर पत्रं द्यायची तिची तयारी होती. दुसरा प्रश्न: मग चूक कुणाची? ‘दोघांचीही थोडीथोडी’ हे गुळमुळीत उत्तर चालत नाही. डायच्या बाबतीत कुणाची नाही, हिशेबाची. बोलण्याच्या बाबतीत सरळसरळ तरुण सुपरवायझरची. एका भांडणात दोन गोष्टी असतात आणि त्यांचा निवाडा वेगवेगळा करावा लागतो, हे तिला दिसलंय का, तेवढंच त्या प्रश्नात तपासायचं असतं.

तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड. थोरल्या सुपरवायझरना आम्ही आत्ता फोन केला तर ते तुमच्याबद्दल काय सांगतील? उमेदवार इथे घुटमळतात आणि मग ‘ते समाधानी आहेत’ म्हणून मोकळे होतात. तिचं उत्तर असं होतं: “ते म्हणतील, मॅडमनी धाकट्याला सांभाळून घेतलं. लेखी माफी मी होऊ दिली नाही, ते त्यांना अजून पटलेलं नाही. डायचा प्रश्न सुटला, हेही ते सांगतील. पण आधी माफीचं सांगतील.” टेबलापलीकडच्यांनी तिला आणखी खोदलं नाही. नोटीस पीरियड किती आहे, एवढं विचारलं.